फ्लॅट साडेसात, 'रिड्युसिंग'ला पावणेसहा? वाहनकर्जाच्या कोटेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नारायणगावात जीएसटीची आणि हिशेबाची कामं करतो. गाडी घ्यायला निघालेले लोक कोटेशन दाखवायला येतात. खरं तर बहुतेक जण सही करून मग येतात, तो भाग वेगळा. तेच प्रश्न वारंवार येतात म्हणून एकदाचे लिहून काढले.

सगळीकडे एकच उदाहरण वापरतो, म्हणजे आकडे डोक्यात राहतील. टोमॅटोच्या हंगामाआधी पिकअप घेणाऱ्या एकाने फायनान्सवाल्याच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून आणलेलं कोटेशन असं होतं: ६ लाख, ४८ महिने, हप्ता १६,२५०, फ्लॅट ७.५, आणि त्याखाली दोनदा अधोरेखित करून 'रिड्यु. ५.७७'.

फ्लॅट ७.५ टक्के म्हणजे रिड्युसिंगमध्ये ५.७७, असं होऊ शकतं का?

नाही. हप्त्याने फिटणाऱ्या कर्जात रिड्युसिंग दर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच लागणारा दर, फ्लॅट दरापेक्षा नेहमी जास्तच निघतो. वाहनकर्जाच्या नेहमीच्या मुदतींना तर तो पावणेदोन पट ते जवळजवळ दुप्पट असतो.

कारण साधं आहे. फ्लॅटमध्ये पहिल्या दिवशीच्या पूर्ण ६ लाखांवर चारही वर्षांचं व्याज एकदम लावतात. ६ लाखांचे साडेसात टक्के म्हणजे वर्षाला ४५,०००, चार वर्षांचे १,८०,०००. ते मुद्दलात मिळवून ७,८०,००० होतात आणि त्याला ४८ ने भागलं की हप्ता १६,२५०. पण ६ लाख तुमच्याकडे चार वर्षं असतात कुठे? पहिल्या हप्त्यापासून मुद्दल परत जायला लागतं. सरासरी काढली तर चार वर्षांत तुमच्या हातात ६ लाखांच्या निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम असते. व्याज मात्र पूर्ण रकमेचं. म्हणजे वापरलेल्या पैशाच्या मानाने दर जवळपास दुप्पट झाला.

एजंट ज्या वाक्याने पटवतात ते असं: "व्याज दर महिन्याला कमी कमी होत जातं ना साहेब, म्हणून इफेक्टिव्ह कमी पडतं." व्याज कमी होत जातं ते रिड्युसिंगच्या कर्जात. तुमचं १,८०,००० व्याज तर आधीच ठरून हप्त्यात बसलंय, त्यातला एक रुपयाही कमी होत नाही.

मग ५.७७ हा आकडा आला कुठून? तो हवेतून तर काढला नसेल.

हवेतून नाही, भागाकारातून आला. १,८०,००० व्याजाला एकूण परतफेडीने, म्हणजे ७,८०,००० ने भागलं आणि मग ४ ने भागलं की बरोबर ५.७७ टक्के येतात. तुम्ही भरणार असलेल्या रकमेत व्याज किती आहे, एवढंच तो आकडा सांगतो. कर्जाच्या दराशी त्याचा संबंध नाही. कर्ज ६ लाखांचं असताना भागाकार ७,८०,००० ने कशासाठी करायचा, याला कोणाकडे उत्तर नसतं.

समोरचा पोरगा मुद्दाम फसवत असतोच असं नाही. त्याला वरून जी शीट मिळालेली असते त्यात तो कॉलम तयारच असतो. मी एकाला हा भागाकार करून दाखवला तर तो खरोखर गप्प झाला आणि म्हणाला, "सर, आम्हाला असंच शिकवलंय."

तो आकडा खोटा आहे हे त्याच्यासमोर कसं दाखवायचं?

वाद घालू नका, हप्ता मागा. "५.७७ रिड्युसिंग आहे ना? मग ५.७७ ने हप्ता काढून द्या." मोबाइलवर कुठल्याही बँकेचा हप्ता काढायचा कॅल्क्युलेटर उघडा, त्यात ६,००,०००, ४८ महिने आणि ५.७७ भरा. हप्ता १४,०२८ येतो. कार्डावर आहेत १६,२५०. महिन्याला २,२२२ चा फरक, ४८ महिन्यांत १ लाख ६ हजारांवर. साधे ७.५ टक्के रिड्युसिंगने भरले तरी हप्ता १४,५०७ च येतो.

इथे बहुतेक वेळा उत्तर मिळतं की "तो कॅल्क्युलेटर होमलोनचा आहे." गणिताला घर आणि गाडी यातला फरक कळत नाही.

खरा दर किती आहे, तो नेमका कसा काढायचा?

एक्सेल किंवा गूगल शीट असेल तर एका ओळीचं काम आहे:

```
=RATE(48,-16250,600000)*12
```

उत्तर ०.१३५१, म्हणजे १३.५१ टक्के. या कोटेशनचा खरा रिड्युसिंग दर तो आहे.

दोन ठिकाणी लोक अडकतात. हप्त्यापुढचं वजाचं चिन्ह विसरलं तर `#NUM!` असं दिसतं. रक्कम तुमच्याकडे आली आणि हप्ता तुमच्याकडून गेला, म्हणून एकाचं चिन्ह उलटं हवं. दुसरं म्हणजे त्या चौकोनाला टक्क्यांचं स्वरूप दिलेलं असेल तर उत्तर नुसतं 14% असं दिसू शकतं. दशांश वाढवून बघा.

शीट नसेल तर त्याच हप्त्याच्या कॅल्क्युलेटरने उलटं जायचं. ६ लाख आणि ४८ कायम ठेवायचे आणि दर वाढवत न्यायचा. १० ला हप्ता कमी येईल, १२ लाही १६,२५० पेक्षा कमीच, १३.५ ला जवळजवळ १६,२५० वर येऊन थांबेल. जिथे हप्ता जुळला तो तुमचा दर. शोरूमच्या खुर्चीत बसून दोन मिनिटांत होतं.

आणि हातात काहीच नसेल तर फ्लॅट दराला १.८ ने गुणा. तीन ते पाच वर्षांच्या मुदतीला आणि वाहनांना लागणाऱ्या नेहमीच्या दरांना हा आडाखा अर्ध्या टक्क्याच्या आसपास बरोबर बसतो. साडेसातचे साडेतेरा होतात.

आयआरआर म्हणजे काय? मी दर विचारला की फायनान्सवाला म्हणतो, "फ्लॅट सांगू की आयआरआर?"

असं विचारणारा माणूस भेटला तर नशीब समजा. टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टर यांच्या फायनान्सच्या धंद्यात रिड्युसिंग दराला आयआरआर म्हणतात, आणि त्यांचं आतलं बोलणं सगळं त्यातच चालतं. गिऱ्हाइकासमोर फ्लॅट, ऑफिसात आयआरआर. म्हणून "रिड्युसिंग किती?" या प्रश्नाला गोलगोल उत्तर मिळालं तर "आयआरआर किती बसतो?" असं विचारून बघा. कोटेशनवाल्याच्या मॅनेजरने फोनवर एका दमात "साडेतेरा" सांगितलं होतं. कार्डावरच्या ५.७७ चा त्याने उल्लेखही केला नाही.

मला हप्त्यांचं शेड्यूल दिलंय. त्यात दर महिन्याला मुद्दल १२,५०० आणि व्याज ३,७५० असंच ४८ वेळा छापलंय. हे बरोबर आहे का?

हे फ्लॅटचं शेड्यूल आहे आणि त्यातच त्याची चूक दिसते. शेवटची ओळ वाचा. ४८ व्या महिन्यात तुमच्याकडे फक्त १२,५०० रुपये बाकी आहेत आणि त्यावर एका महिन्याचं व्याज ३,७५० लावलंय. महिन्याला तीस टक्के. हुंडीवालासुद्धा लाजेल.

त्याच कर्जाचं खरं, रिड्युसिंगचं शेड्यूल मांडलं तर पहिल्या हप्त्यात व्याज सुमारे ६,७५७ आणि मुद्दल ९,४९३ निघतं, आणि शेवटच्या हप्त्यात व्याज १८१ रुपये. एकूण व्याज दोन्हीकडे १,८०,०००च. फरक आहे तो कुठल्या महिन्यात किती मुद्दल फिटलं असं धरायचं, याचा.

यातून सगळ्यात सोपी तपासणी मिळते. शेड्यूल रिड्युसिंगचं असेल तर पहिल्या हप्त्यातल्या व्याजाला १२ ने गुणा आणि कर्जाच्या रकमेने भागा. ६,७५७ गुणिले १२ भागिले ६,००,०००: १३.५१ टक्के. दर कुठेही काहीही लिहिलेला असो, पहिल्या ओळीतलं व्याज तो बोलून दाखवतं. एवढं बघा की पहिला हप्ता कर्ज मिळाल्यापासून साधारण महिन्याने आहे. दीड महिन्याने असेल तर मधल्या जास्तीच्या दिवसांचं व्याज त्यात आलेलं असू शकतं, तेव्हा दुसऱ्या ओळीतलं व्याज घ्या आणि त्याआधीच्या बाकी रकमेने भागा.

हप्ता परवडतोय ना, मग दराशी काय देणंघेणं?

दोन ठिकाणी देणंघेणं येतं. पहिलं, तुलना करताना. शेजारची बँक 'साडेदहा टक्के' म्हणते आणि शोरूमचा माणूस 'साडेसात'. माणूस साडेसातकडे वळतो. साडेदहा रिड्युसिंगला ६ लाखांचा हप्ता साधारण १५,३६० पडतो, म्हणजे बँकच महिन्याला ८९० रुपयांनी स्वस्त होती. मात्र शोरूमचा माणूस जागेवर फाइल करून देतो, बँकेत चार खेपा होतात. टेम्पो आठवड्याने उशिरा मिळणं हंगामात परवडत नाही, हेही मला मान्य आहे. पण मग घाईचे म्हणून किती मोजतोय ते माहीत असावं.

दुसरं, कर्ज मधेच फेडताना. इथे खरी गंमत होते. समजा २४ हप्ते नियमित भरले आणि मिरचीचे पैसे आले म्हणून कर्ज संपवायला गेलात. तुमच्या डोक्यात फ्लॅटचा हिशेब: निम्मे हप्ते झाले, निम्मं मुद्दल फिटलं, ३ लाख राहिले. ऑफिसातून फोरक्लोजरचं पत्र येतं ३ लाख ४० हजारांचं, वर त्यांचा फोरक्लोजर चार्ज आणि त्यावर जीएसटी. लोक म्हणतात लुटलं. खरं तर त्यांनी हिशेब बरोबर केलेला असतो. पहिल्या २४ हप्त्यांत तुम्ही ३,९०,००० भरले आणि त्यातले १ लाख ३० हजार व्याजात गेले. विकताना कर्ज फ्लॅट होतं, बंद करताना मात्र १३.५१ च्या रिड्युसिंगने मोजलं गेलं. दोन्ही वेळा कागद त्यांच्याच बाजूचा.

मी स्वतः यात सापडलेलो आहे. पहिली मोटारसायकल घेतली तेव्हा अठरा हप्ते भरून बंद करायला गेलो, तर बाकी माझ्या हिशेबापेक्षा साडेचार हजारांनी जास्त निघाली. मी काउंटरवर अर्धा तास भांडलो. कॉमर्सचा पदवीधर होतो तरी.

एजंट म्हणतो एफडी मोडू नका. एफडीला ७ टक्क्यांनी चार वर्षांत १ लाख ९२ हजार मिळतील आणि कर्जाचं व्याज १ लाख ८० हजारच. म्हणजे कर्ज काढून बारा हजारांचा फायदा?

हा युक्तिवाद सगळ्यात गोड आहे, कारण त्यातले दोन्ही आकडे खरे आहेत. ६ लाखांची एफडी ७ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, चार वर्षांत ७,९१,९५८ होते. गळतंय ते हे की एफडी तशीच राहिली, तर दर महिन्याचे १६,२५० तुम्ही दुसऱ्या खिशातून भरताय.

उलट बाजू मांडा. एफडी मोडून गाडी रोखीने घेतली आणि तेच १६,२५० दर महिन्याला त्याच ७ टक्क्यांनी जमा करत गेलात, तर ४८ महिन्यांनी सुमारे ८ लाख ९६ हजार होतात. एफडी ठेवून ७ लाख ९२ हजार, मोडून ८ लाख ९६ हजार. फायदा बारा हजारांचा नाही, तोटा १ लाख ४ हजारांचा आहे. प्राप्तिकर आणि एफडी मोडण्याचा दंड यात धरलेला नाही, पण त्याने चित्र उलटत नाही. अडीअडचणीला हाताशी पैसा राहावा म्हणून कोणी एफडी ठेवत असेल तर ते कारण योग्य आहे. 'फायदा होतो' हे कारण नाही.

प्रोसेसिंग फी, फाइल चार्ज, विमा हे धरून दर किती होतो?

सूत्रात कर्जाच्या रकमेऐवजी प्रत्यक्षात तुमच्या उपयोगाला आलेली रक्कम घाला. आपल्या उदाहरणात प्रोसेसिंग फी २ टक्के, म्हणजे १२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,१६०, डॉक्युमेंटेशन आणि स्टॅम्प मिळून २,८४०, आणि कर्जाच्या संरक्षणाचा म्हणून एक विमा १३,०००. सगळे मिळून ३०,००० कापले गेले. शोरूमकडे गेले ५,७०,००० आणि हप्ता मात्र ६ लाखांचाच.

```
=RATE(48,-16250,570000)*12
```

उत्तर १६.३३ टक्के. ५.७७ पासून आपण इथवर आलो.

यातला विमा नीट बघा. गाडीचा विमा वेगळा, तो लागतोच. इथला १३,००० चा विमा कर्जदाराच्या जिवाचा किंवा हप्त्यांचा असतो आणि बऱ्याचदा विचारल्याशिवाय फाइलमध्ये घातलेला असतो. "हा काढला तर कर्ज होणार नाही का, हे लिहून द्या" असं म्हटलं की सहसा तो निघतो.

पहिला हप्ता अ‍ॅडव्हान्स घेतात. त्याने काय बिघडतं, पुढे कधीतरी द्यायचाच आहे ना?

पहिल्या दिवशी ६ लाख मिळाले आणि त्याच दिवशी १६,२५० परत गेले, म्हणजे कर्ज ५,८३,७५० चंच झालं. व्याज मात्र ६ लाखांवर मोजलेलं. दर १३.५१ वरून १४.१५ वर जातो. सूत्रात शेवटी १ घातला की अ‍ॅडव्हान्स हप्ता धरला जातो:

```
=RATE(48,-16250,600000,0,1)*12
```

याच प्रकारावर रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बोट ठेवलंय. आगाऊ हप्ते घ्यायचे आणि व्याज पूर्ण रकमेवर लावायचं, कर्ज हातात पडण्याआधीच्या दिवसांचं व्याज घ्यायचं, या गोष्टी तपासणीत आढळल्या आणि त्या ग्राहकाशी न्यायाने वागण्याच्या विरुद्ध आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. परिपत्रकाची तारीख सांगून विचारलेल्या प्रश्नाला वेगळं उत्तर मिळतं, असा माझा अनुभव आहे.

कार्डावरच्या आकड्यांवर भांडण्यापेक्षा अधिकृत कागद कोणता मागायचा?

की फॅक्ट स्टेटमेंट, बोलीभाषेत केएफएस. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या रिटेल कर्जाला बँकेने किंवा फायनान्स कंपनीने हा कागद द्यायचाच आहे. तो तुम्हाला समजेल अशा भाषेत हवा, म्हणजे मराठीत मागता येतो. त्यात एपीआर, म्हणजे सगळा खर्च धरून निघणारा वार्षिक दर असतो, आणि तो कसा काढला याचा तक्ता व हप्त्यांचं शेड्यूलही असतं. कर्ज देणारा स्वतः घेतो ती फी आणि तुमच्याकडून दुसऱ्यासाठी वसूल करतो तो विमा, दोन्ही त्यात धरायचे आहेत. केएफएसमध्ये नसलेला कोणताही खर्च तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

विचार करायलाही वेळ मिळतो. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला किमान ३ कामाचे दिवस. "आजच सही केली तरच हा दर" हे बोलणं त्यामुळे केएफएस हातात आल्यावर लंगडं पडतं.

परिपत्रकाला जोडलेला नमुना हिशेब बघण्यासारखा आहे. २०,००० चं कर्ज, २४ महिने, हप्ता ९७०, व्याज १५ टक्के, ४०० रुपये खर्च कापून हाती १९,६००, आणि एपीआर १७.०७. हे आकडे वरच्या सूत्रात घाला, उत्तर १७.१० येतं; हप्ता पूर्ण रुपयांत धरल्याचा तेवढा फरक. आता गंमत म्हणून याचा फ्लॅट काढा: व्याज ३,२७४, म्हणजे वर्षाला ८.२ टक्के. खुद्द रिझर्व्ह बँकेचं १५ टक्क्यांचं उदाहरण शोरूममध्ये 'सव्वाआठ' म्हणून विकलं गेलं असतं.

एक भोक मात्र राहतं. शोरूमने स्वतःच्या खिशात रोख घेतलेला 'फाइल चार्ज' केएफएसमध्ये दिसत नाही. त्याची पावती मागा. पावती मिळत नसेल तर तो चार्ज द्यायचं कारण नाही.

माझ्या एपीआरमध्ये आणि केएफएसमधल्या एपीआरमध्ये थोडा फरक येतो. चूक कोणाची?

०.१ किंवा ०.२ चा फरक दिवसांच्या हिशेबाने आणि हप्ता पूर्ण रुपयांत केल्याने येतो, सोडून द्या. एक टक्क्याचा फरक असेल तर एखादा खर्च एकीकडे धरलाय आणि दुसरीकडे नाही.

कंपनीची ४० हजारांची सूट फक्त कर्ज घेतलं तरच आहे. मग तरी रिड्युसिंग कमी पडत असेल ना?

ही सूट रोखीच्या गिऱ्हाइकाला खरोखर मिळत नसेल तर ती कर्जाच्या बाजूने धरायला हवी. सूत्रात ६,००,००० ऐवजी ६,४०,००० घाला: १०.०६ टक्के येतात. कमी झाला, हे मान्य. पण ७.५ च्या खाली तरीही गेला नाही. आणि आधी दुसऱ्या डीलरकडे रोखीचा भाव विचारून या. 'फक्त कर्जावर' असलेली सूट रस्त्याच्या पलीकडे रोखीलाही मिळताना मी पाहिली आहे.

मुदत कमी किंवा जास्त केली तर फ्लॅटचा रिड्युसिंग बदलतो का?

थोडा. फ्लॅट ७.५ ला ३६ महिन्यांत १३.६९, ४८ त १३.५१, ६० त १३.३२. पाच वर्षांना दर कमी दिसतो म्हणून खूश होऊ नका, व्याज १,८०,००० चे २,२५,००० होतात.

पतसंस्थेकडून कर्ज घेतोय. तिथेही केएफएस मिळेल का?

रिझर्व्ह बँकेचा हा नियम बँकांना, सहकारी बँकांसकट, आणि फायनान्स कंपन्यांना आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्या सहकार खात्याखाली असतात, म्हणून तिथे हा कागद मागण्याचा हक्क नाही. हप्त्यांचं शेड्यूल मात्र नक्की मागा आणि पहिल्या ओळीतलं व्याज तपासा. सूत्र सगळ्यांना सारखंच लागू पडतं. तक्रार असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जायचं.

सही झाली, गाडी दारात आहे, दोन हप्तेही गेले. आता काय?

आधी कर्जाचा करारनामा आणि केएफएसची प्रत ईमेलने मागा. कागदांवर १३.५१ किंवा त्याच्या आसपास दर आणि खरा एपीआर लिहिलेला असेल आणि तुमची सही असेल, तर व्हिजिटिंग कार्डावरचं ५.७७ दाखवून फारसं काही हाती लागत नाही. तरी ते कार्ड, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपून ठेवा. तुम्हाला चुकीचा दर सांगून कर्ज विकलं, याचा तोच पुरावा आहे.

केएफएस दिलंच नसेल, त्यात दर चुकीचा असेल किंवा त्यात नसलेले पैसे कापले असतील, तर बाजू तुमची भक्कम आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्यात भावना नकोत, पाच आकडे हवेत: कर्ज, हप्ता, महिने, कापलेली रक्कम, आणि त्यावरून निघणारा दर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते. त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तक्रार चालू आहे म्हणून हप्ता थांबवू नका. हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिलवर डाग पडतो आणि बोलणं व्याजावरून तुमच्या थकबाकीवर सरकतं.

दुसरा रस्ता म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत नेणं. करारातला फोरक्लोजर चार्ज किती टक्के आहे आणि किती हप्त्यांनंतर बंद करता येतं, ते आधी वाचा. चार्ज भरूनही पुढच्या हप्त्यांत तो वसूल होतोय का, हे बघायचं. पिकअपवाल्याने आठव्या महिन्यात हा हिशेब करून घेतला होता. त्याला कर्ज बदलणं परवडत होतं आणि ते झालंही, पण जुन्या फायनान्सकडून एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात यायला सहा आठवडे लागले. तोवर आरसीवर जुन्याच फायनान्सचा बोजा, म्हणून नव्या बँकेचा फोन दर सोमवारी.